भरलेल्या सायकलचा वेग

बायको बेंगळुरूला गेली तेव्हा आम्ही दोघांनीही तीन महिने धरले होते. मुलीचं बाळंतपण, मग बाळाचं थोडं मार्गी लागलं की परत. तीन महिन्यांचे सहा झाले, मुलगी कामावर रुजू झाली, नातीला पाळणाघरात ठेवायला कोणाचंच मन होईना, आणि दीड वर्ष उलटलं तरी बायको तिथंच होती. मला निवृत्तीला दोन वर्षं बाकी. मी भाईंदर पश्चिमेच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, एकटा.

यात कोणाचं काही चुकलं नव्हतं. भांडण नाही, तंटा नाही. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल व्हायचा. नात स्क्रीनला हात लावायची, बायको मागून विचारायची, ‘जेवलात का?’ कॉल संपला की घरात फ्रिजचा आवाज तेवढा उरायचा. डबेवालीचा डबा मी टीव्हीसमोर बसून खायचो, आणि काय खाल्लं ते सकाळी आठवायचं नाही.

सायकल त्या काळात हातात आली. ऑफिसातल्या एका तरुण पोराने विकायला काढली होती, मी घेतली. रविवारी सकाळी आमच्या भागातला एक ग्रुप घोडबंदर रोडने जायचा, त्यांच्यात जायला लागलो. सगळे तिशी-पस्तिशीचे. मी त्यांचा ‘काका’. त्यांच्यात मी कायम शेवटचा असायचो. चेणे गावाच्या पुढे टपरीवर मी पोचेपर्यंत त्यांचा चहा संपलेला असायचा. कोणी वाईट वागत नसे. माझ्यासाठी एक कटिंग सांगून ठेवलेला असायचा, आणि मी बसलो की दोन मिनिटांत सगळे हेल्मेट चढवून उभे राहायचे.

पावसाळा संपल्यावर ग्रुपने गोव्याचा बेत काढला. समुद्राकाठच्या रस्त्याने, डिसेंबरात. ग्रुपचं सगळं पाहणारा मुलगा आयटीतला होता, स्वभावाने फार चांगला. त्याने सगळ्यांना बसवून सांगितलं, “रोज नव्वद ते शंभर किलोमीटर. सामान टेम्पोत. ॲव्हरेज वीसचा धरलाय.”

मी विचारलं, “विश्रांतीचा दिवस?”

“नाही काका. सुट्ट्या कुठे आहेत एवढ्या? पण तुम्ही टेन्शन घेऊ नका. दमलात की टेम्पोत बसायचं. आम्ही थांबू तुमच्यासाठी.”

तो मनापासून म्हणाला, पण ते ‘थांबू’ माझ्या डोक्यात राहिलं. दहा माणसं रोज आपल्यासाठी थांबणार, रोज आपण पोचलो की उठणार. मी घरी येऊन मेसेज टाकला की ऑफिसमधून रजा मिळत नाही. रजा खरं तर भरपूर साठली होती, आणि जायचंही होतं. पण माझ्या वेगाने जायचं तर एकट्यालाच जावं लागणार होतं.

मी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात डिस्पॅच पाहतो. कुठला ट्रक किती वाजता कुठे पोचेल हे सांगणं हीच माझी नोकरी. ट्रकवाला रिकाम्या गाडीचा वेग सांगतो आणि शेठ त्यावरून पार्टीला वेळ देतो, तेव्हा काय गोंधळ होतो ते मी तीस वर्षं पाहिलंय. गाडी भरली की वेग बदलतो, चढावर आणखी बदलतो, आणि ड्रायव्हर चहाला थांबतो तो वेळ कोणीच धरत नाही. तेव्हा सायकलचाही हिशेब मी तसाच करायचं ठरवलं. आधी भरलेली सायकल चालवून बघायची, मग नकाशा उघडायचा.

मागच्या चाकावर कॅरिअर बसवून घेतला, दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्या आणल्या. सामान अजून गोळा केलं नव्हतं, म्हणून घरातलीच कणकेची आणि तांदळाची पाकिटं भरली, पाण्याच्या बाटल्या कोंबल्या. ताणकाट्यावर चौदा किलो भरलं. शनिवारी सकाळी खाली उतरलो तर वॉचमन म्हणाला, “साब, किराना का धंदा चालू किया क्या?”

मी हसलो. कितीतरी दिवसांनी सकाळी सकाळी कोणाशी तरी हसलो असेन.

सायकल जिन्यातून उतरवतानाच लक्षात आलं की ही वेगळीच वस्तू झालीय. वळताना मागचं वजन ओढत होतं, ब्रेक दाबला तरी पुढे सरकत होती. घोडबंदरच्या रस्त्याने चेण्यापर्यंत, पुढे गायमुखचा घाट चढून परत, असा तीसेक किलोमीटरचा फेरा केला. रिकामी सायकल मी अठराच्या वेगाने चालवायचो. सामानासकट मीटरवर पंधरा आला, आणि तोही फक्त चाक फिरत असतानाचा. घाटात तर सातवर आलो होतो. रविवारी मुद्दाम तेच सामान, तोच रस्ता पुन्हा केला. चौदा आला. रस्ता तोच, वारा तसाच. एक किलोमीटर पायांतून गेला होता.

म्हणून कोकणातल्या चढउतारांसाठी मी बारा धरला. मग तास. डिसेंबरात उजेड सातला होतो आणि सहाला संपतो, पण ते अकरा तास काही सायकलचे नसतात. नाश्ता, जेवण, दुपारचं ऊन, खाडीवर तरीची, म्हणजे फेरीबोटीची, वाट बघणं, पंक्चर, रस्ता विचारणं. प्रत्यक्ष पॅडल मारायचे पाचच तास धरले. बारा पंचे साठ. रोज साठच्या आत.

मग नकाशावर साठ-साठच्या आत मुक्काम शोधत गेलो. भाईंदरहून भाऊचा धक्का, तिथून बोटीने मांडवा आणि अलिबाग. दुसऱ्या दिवशी मुरुड. तिसऱ्या दिवशी आगरदांड्याची खाडी ओलांडून श्रीवर्धन. चौथा दिवस श्रीवर्धनलाच विश्रांतीचा. मग केळशी, दापोली, दाभोळची खाडी ओलांडून गुहागर, मग वाटेत एक मुक्काम करून शेवटी रत्नागिरी. दापोलीच्या आसपास चढ फार, म्हणून तिथले दिवस चाळीस-पंचेचाळीसवर ठेवले. अखेरीला एक दिवस मोकळा, काही बिघडलं तर.

बायकोला फोनवर सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“एकटेच?”

“हो.”

“बरं. रोज रात्री पोचलात की फोन करा,” ती म्हणाली. मग विचारलं, “आणि तो विश्रांतीचा दिवस कशाला? तिथं एकटे बसून काय करणार तुम्ही?”

“पायांना लागतो. तीन दिवस सलग झाले की चौथ्या दिवशी वेग पडतो.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली. मागे नात रडायला लागली होती, फोन ठेवला.

निघालो तेव्हा पहिले तीन दिवस माझा हिशेब असा जुळत गेला की मलाच नवल वाटलं. अलिबागला चार वाजता पोचलो, मुरुडला तीनला. रेवदंड्याच्या पुढे रस्ता नारळीपोफळींच्या सावलीतून जातो. तिथं मी मोठ्याने गाणी म्हणत होतो, कारण ऐकायला कोणी नव्हतं. सायकल चालवताना एकटेपणा जाणवत नाही. लक्ष खड्ड्यांत असतं, श्वासात असतं, पुढच्या चढाला कुठला गिअर लागेल यात असतं. पुढचं गाव किती लांब, हा एकच प्रश्न त्या दिवशी सोबतीला असतो, आणि तो पुरतो.

श्रीवर्धनला संध्याकाळी पोचलो. समुद्राजवळ एक लॉज होतं, स्वच्छ खोली मिळाली. जेवलो, झोपलो. सकाळी जाग आली आणि लक्षात आलं की आज कुठेच जायचं नाही.

कपडे धुतले. चेनला तेल घातलं. समुद्रावर गेलो. शनिवार होता, मुंबई-पुण्याच्या गाड्या आल्या होत्या. एक कुटुंब वाळूत चटई पसरून बसलं होतं. त्यांतल्या आजोबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आजी पाण्याकडे पाठ करून मुलांसाठी सँडविच करत होती. आजोबांनी मला फोटो काढायला सांगितलं. मी काढला. ते थँक्यू म्हणाले आणि पुन्हा आपल्या चटईवर गेले. मी तिथंच उभा राहिलो. इतका वेळ उभा राहिलो की आजीने एकदा वळून माझ्याकडे पाहिलं.

खोलीवर आलो. पलंगावर बसलो. घड्याळात साडेआठच झाले होते. पुढे सबंध दिवस पडला होता, आणि भाईंदरच्या घरातला जो दिवस सोडून मी आलो होतो तोच इथंही भाड्याच्या खोलीत येऊन बसल्यासारखं झालं. पाय तर बरे वाटत होते. म्हटलं, केळशी पन्नासच्या आतच तर आहे. एक दिवस वाचेल, तो पुढे कुठेतरी घेऊ. ओले कपडे पिशवीत कोंबले आणि सव्वानऊला निघालो.

चूक दोन बाजूंनी झाली. एक, निघायलाच दोन तास उशीर. दुसरी पायांत होती, पण ती हरिहरेश्वर येईपर्यंत कळली नाही. तिथला चढ मी आदल्या दिवशीसारखा चढायला गेलो आणि पाय ऐकेनात. मीटरवर दहा, मग नऊ. बागमांडल्याला फेरीबोट नुकतीच सुटलेली, म्हणून पुढच्या फेरीपर्यंत बसावं लागलं. पलीकडे वेसवीला उतरलो तेव्हा दोन वाजून गेले होते. पुढच्या चढावर उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कोणी सुई टोचावी तसं दुखायला लागलं. आधी दर दहा मिनिटांनी, मग प्रत्येक पॅडलला. शेवटचे काही किलोमीटर मी सायकल हाताने ढकलत चाललो. भरलेली सायकल चढावर ढकलणं हे चालवण्यापेक्षा कठीण. ट्रकला निदान क्लीनर तरी असतो.

केळशीत शिरलो तेव्हा सूर्य बुडला होता. जेवणाराहण्याची सोय असलेलं एक घर मी आधीच फोनवर ठरवलं होतं, पण दुसऱ्या दिवसासाठी. घरच्या बाईंनी दार उघडलं. पासष्टीच्या असतील. माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं.

“तुम्ही उद्या येणार होतात ना?”

“एक दिवस आधी आलो. खोली आहे का?”

“खोली आहे हो. पण तुम्ही लंगडताय.” त्यांनी सायकलचं हँडल धरलं. “आत या आधी. पाणी तापवते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा वाकेना. माझा मोकळा ठेवलेला दिवस आणि वाचवलेला दिवस, दोन्ही तिथं केळशीत खर्ची पडणार हे मला पलंगावरून उठतानाच कळलं. हिशेब तर बरोबर होता. मीच तो पाळला नव्हता.

पडवीत बसलो होतो. बाई आतून एक पातेलं घेऊन आल्या, मोड आलेले वाल होते, गरम पाण्यात भिजवलेले.

“नुसते बसलाय तर सोला,” त्या म्हणाल्या. “हात दुखत नाहीत ना?”

आम्ही दोघं वाल सोलत बसलो. त्यांचा मुलगा मिरा रोडला असतो हे कळलं. माझ्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर. नातू दुसरीत आहे.

“तुम्ही जाता का तिकडे?” मी विचारलं.

“जाते. गणपतीनंतर गेले होते. आठ दिवस राहिले नि आले. त्यांचं सगळं घड्याळावर चाललेलं असतं. मी मध्ये कुठं बसू ते कळत नाही.” त्यांनी सालांची मूठ बाजूला टाकली. “इथं पाहुणे येतात. तुमच्यासारखे. बोलणं होतं.”

“आणि पाहुणे नसले की?”

“नसले की नसतात,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. आदल्या रात्री मी तिला नुसतं ‘पोचलो’ एवढंच सांगितलं होतं. आता सगळं सांगितलं. समुद्रावरचं कुटुंब, खोली, निघणं, गुडघा. ती चिडेल असं वाटलं होतं.

“म्हणजे विश्रांतीचा दिवस होता तो घेतलाच नाही तुम्ही,” ती म्हणाली.

“बसवेना गं.”

मागे कुकरची शिट्टी झाली. मग ती सावकाश म्हणाली, “मला दीड वर्षात एकही मिळाला नाही. ही पोरगी रात्री दोनदा उठते. दोघं ऑफिसला गेले की दिवसभर मी नि ती. शेजारी कानडी बोलतात. खाली बागेत बाकड्यावर बसते तेव्हा मला वाटतं, तुम्ही तिकडे मजेत सायकल चालवताय.”

“मजेत नाही.”

“ते आता कळलं मला,” ती म्हणाली.

लग्नाला तीस वर्षं झाली, पण एकमेकांना असं काही बोलल्याचं मला आठवत नाही. ती रडत नव्हती. थकलेली होती, एवढंच. थकव्याचा आवाज मी चार दिवसांत ओळखायला शिकलो होतो.

“तुला चार दिवस सुट्टी मिळाली तर काय करशील?” मी विचारलं.

तिने क्षणभरही विचार केला नाही. “कोल्हापूरला ताईकडे जाईन. नुसती झोपेन.”

केळशीत मी दोन दिवस राहिलो. तिसऱ्या सकाळी गुडघा वाकायला लागला, तरी आत टोचणं होतंच. नवा हिशेब मांडला. बाराच्या जागी दहा, पाच तासांच्या जागी चार. रोज चाळीस, थोडं इकडेतिकडे. तेवढ्यात दापोली होत होती, दुसऱ्या दिवशी दाभोळपर्यंतचा उतार धरून गुहागरही. रत्नागिरी होत नव्हती. खेचून झाली असती कदाचित. पण खेचायची हौस फिटली होती. वाळलेल्या सगळ्या कपड्यांच्या नीट घड्या घातल्या, एक जड स्वेटर आणि न वापरलेला टायर केळशीतच ठेवला. बाई म्हणाल्या, मुलगा येईल तेव्हा त्याच्याबरोबर पाठवते. खरंच पाठवलं, महिन्याभराने.

दापोलीचा घाट मी तासाला सहाच्या वेगाने चढलो. दर वीस मिनिटांनी थांबून, पाय लांब करून. वाईट वाटत नव्हतं, चांगलंही वाटत नव्हतं. वाटेत एक स्कूटरवाला बराच वेळ माझ्या बाजूने हळूहळू आला.

“कुठून आलात?”

“भाईंदर.”

“एकटेच?”

हा प्रश्न मला त्या प्रवासात इतक्यांनी विचारला होता की उत्तर द्यायचं सोडून मी नुसती मान हलवत असे. त्यालाही हलवली. तो म्हणाला, “सांभाळून,” आणि पुढे गेला.

गुहागरला पोचून थांबलो. समुद्रावर संध्याकाळी बसलो. या वेळी कोणाकडे टक लावून पाहिलं नाही. पाय वाळूत पुरून बसलो होतो, दुखत होते आणि हलके होत होते. अंधार पडल्यावर उठलो. सायकलचं पुढचं चाक काढून ती खासगी बसच्या डिकीत टाकली आणि पहाटे भाईंदरजवळ काशीमिऱ्याला उतरलो.

ग्रुप त्याच आठवड्यात गोव्याहून परतला होता. रविवारी टपरीवर त्यांनी फोटो दाखवले, ढिगाने. तो आयटीतला मुलगा म्हणाला, “काका, तुम्ही पण गेला होता असं कळलं. सांगायचं ना.”

“माझा वेग वेगळा आहे रे,” मी म्हटलं.

त्याला वाईट वाटलेलं दिसलं. म्हणाला, “पुढच्या वेळी तुमच्या वेगाने एक राइड काढू.” अजून काढलेली नाही. मी विचारलंही नाही. मी त्यांच्याबरोबर रविवारी जातो, पण आता घरून अर्धा तास आधी निघतो. कधीकधी चहा सगळ्यांबरोबर होतो.

मार्चमध्ये उरलेली रजा घेऊन बेंगळुरूला गेलो. बायकोचं कोल्हापूरचं तिकीट मी आधीच काढलं होतं, माझ्या पोचण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं. म्हणजे पावणेदोन वर्षांनंतर आम्ही दोघं एका घरात राहिलो ते एक संध्याकाळ आणि एक रात्र. ती बाटल्या कशा उकळायच्या, औषध किती थेंब, कुठल्या बाकड्यावर ऊन उशिरा येतं, हे समजावत बसली. बाकी बोलायला वेळच झाला नाही.

सकाळी रिक्षात बसताना ती म्हणाली, “जमेल ना?”

“जमेल. तू झोप तिकडे.”

“जेवून घ्या वेळेवर,” ती म्हणाली. रिक्षा वळली.

नंतरचे चार दिवस मी तिच्या खोलीत झोपलो, तिच्या उशीवर. नात दोनदा नाही, तीनदा उठायची. दुपारी तिला घेऊन खालच्या बागेत जायचो. बायकांचा एक घोळका कानडीत बोलत असायचा, मला पाहून त्या हसायच्या, मी हसायचो, आणि पुढे काही नाही. नात मांडीवर झोपली की हलताही येत नसे. समोर झाडाखाली कोणाची तरी लहान सायकल आडवी पडलेली असायची. मी तसाच बसून राहायचो, ऊन बाकड्यापर्यंत येईपर्यंत.